टाळीच्या प्रतिध्वनीवरून आवाजाचा वेग मोजताना या चुका टाळा

मे महिन्यात आमच्याकडे जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिशीकडे सरकतो, तर जानेवारीत पहाटे शेकोटीशिवाय बसवत नाही. आवाजाचा वेग तापमानाने बदलतो हे नुसत्या टाळ्या वाजवून दाखवायचं असेल, तर खानदेशासारखी जागा नाही. पण हा प्रयोग नववीच्या मुलांकडून करून घेताना मी स्वतःच बऱ्याचदा तोंडावर आपटलो आहे.

पहिल्यांदा चुकलो ते जागेत. ऊन टाळायला मुलांना रिकाम्या मंगल कार्यालयात नेलं. टाळी वाजवली तर आवाज दोन-तीन सेकंद नुसता घुमत राहिला. पुस्तकात याला निनाद म्हणतात. भिंत पंधरा मीटरच्या आत असली की परतलेला आवाज मूळ आवाजाला चिकटूनच येतो, शिवाय छत, फरशी, समोरची भिंत अशा सगळीकडून येतो. त्यातून एक प्रतिध्वनी निवडणार कसा? लग्नाच्या दिवशी त्याच हॉलमध्ये हे जाणवत नाही, कारण गाद्या, पडदे, साड्या आणि माणसं आवाज पिऊन टाकतात. (रिकाम्या हॉलमध्ये भाषण कळेना म्हणून माईकचा आवाज वाढवणारे भेटतात. त्याने घुमणंही तेवढंच वाढतं.) प्रतिध्वनी सुटा ऐकू यायला भिंत आपल्यापासून निदान 17-18 मीटरवर हवी, मोजायचं असेल तर त्याच्या तिप्पट.

मग कापसाचा हंगाम संपलेल्या एका जिनिंगचं आवार मिळालं. एकच उंच सपाट भिंत, समोर मोकळं मैदान. टेपने 60 मीटर मोजून उभे राहिलो. टाळी वाजली, क्षणात परत आली. ‘‘सर, उना उना!’’ म्हणजे ‘आला आला’, असं मुलं अहिराणीत ओरडली.

इथे दुसरी चूक होते. स्टॉपवॉच घेऊन एका टाळीचा वेळ मोजायला जातात. आवाजाला 120 मीटर जाऊन-येऊन सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो आणि आपल्या बोटाला बटण दाबायला 0.2 सेकंद. उत्तर कधी 250 येतं, कधी 600. त्याऐवजी ठेका धरायचा: टाळी, प्रतिध्वनी, टाळी, प्रतिध्वनी, भजनात टाळ वाजवावेत तसा. प्रतिध्वनी दोन टाळ्यांच्या बरोबर मध्ये पडायला लागला, की ठेका न मोडता 20 अंतरं मोजायची. दोन टाळ्यांमधल्या वेळाच्या निम्मा वेळ म्हणजे आवाजाच्या जाण्या-येण्याचा.

सगळ्यात फसवी चूक मोजणीतली, आणि ती मी दोन वर्षं करत होतो. पहिल्या टाळीला घड्याळ सुरू करून ‘एक’ म्हटलं आणि ‘वीस’ला बंद केलं, तर टाळ्या 20 झाल्या, पण मधली अंतरं 19च. पहिल्या टाळीला ‘शून्य’ म्हणायचं. त्या संध्याकाळी तापमान 42 अंश होतं. ‘शून्य’पासून मोजल्यावर 13.5 सेकंद आले. एक अंतर 0.675 सेकंद, त्याचं निम्मं 0.3375, आणि 120 भागिले तेवढं म्हणजे साधारण 356 मीटर प्रति सेकंद. ‘एक’पासून मोजलं असतं तर तेच उत्तर 375च्या घरात गेलं असतं. खानदेशातल्या थंडी-उन्हाच्या फरकाएवढी ही चूक, म्हणजे शोधायचं तेच तिच्याखाली गाडलं जातं. उत्तर पाच टक्क्यांनी जास्त आलं की आधी हाच संशय घ्या. उत्तर अगदी निम्मं, 178च्या आसपास आलं, तर भिंतीपर्यंतचं अंतर दुप्पट करायला विसरलात.

पडताळा घ्यायला हे सूत्र पुरतं, T म्हणजे सेल्सिअसमधलं तापमान:

```
v = 331 + 0.6 × T
```

42 अंशांना 356. जानेवारीच्या सकाळी 12 अंशांना 338, म्हणजे त्याच भिंतीसमोर तेच 20 ठेके 14.2 सेकंदांत. पाऊण सेकंदाचा हा फरक साध्या मोबाइलवरही दिसतो. थर्मामीटर मात्र सावलीत टांगा. उन्हात ठेवलेला थर्मामीटर हवेचं नाही, स्वतःचं तापलेपण सांगतो.

तोरणमाळला सहल गेली की कुणीतरी म्हणतंच, ‘वर हवा विरळ, म्हणून आवाज हळू.’ तसं नाही. हवेचा दाब आणि घनता सोबत उतरतात, वेगावरचा परिणाम एकमेकांना खाऊन टाकतो. वर वेग कमी असतो तो गारव्यामुळे. जोरात ओरडूनही वेग वाढत नाही. पावसाळी दमट हवेत तो किंचित वाढतो, एखाद-दीड मीटर. वारा भिंतीच्या दिशेने असला तर जाताना मिळालेला फायदा येताना जवळजवळ फिटतो.

डोंगरात हा प्रयोग उलटा करा. पाटणादेवीला तिन्ही बाजूंनी कडे आहेत, हाकेला दोन-तीन उत्तरं येतात. त्यावरून वेग काढू नका, कारण आवाज कुठल्या कड्यावरून आला तेच माहीत नसतं. वेग तापमानावरून घ्या आणि अंतर काढा: 30 अंशांना वेग 349, हाक दोन सेकंदांनी परतली तर कडा साधारण 350 मीटरवर. तेही भर दुपारी नको. तापलेल्या जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गरम असते, त्यामुळे आवाज वर वळतो आणि लांबचा प्रतिध्वनी फिका पडतो. सूर्य कलल्यावर त्याच जागेवरून पुन्हा हाक मारून बघा.