चारशे साड्यांची वर्णनं, एकच साचा

ऑनलाइन दुकानाच्या कॅटलॉगमधली जुनी वर्णनं एकसारखी करायचं काम मिळालं की नवखा माणूस वाक्यं दुरुस्त करायला बसतो. तिथेच गफलत होते. आधी वर्णन फोडून माहिती रकान्यांत भरायची आणि वाक्य शेवटी सूत्रानं जुळवायचं.

शीटमध्ये सात रकाने पुरतात: A कोड, B प्रकार, C कापड, D साडीची लांबी, E ब्लाउज पीस, F रंग, G काठ. माहिती पेस्ट करण्याआधी A रकाना प्लेन टेक्स्ट करा, नाहीतर 0312 चा 312 होतो आणि वर्णन भलत्याच साडीला चिकटतं. B, C आणि F ला ड्रॉपडाउन लावा, म्हणजे 'मोरपंखी' आणि 'मोरपिशी' असे दोन रंग तयार होणार नाहीत. मग H2 मध्ये हे सूत्र लिहा आणि खाली ओढा:

```
=IF(COUNTBLANK(A2:G2)>0,"अपूर्ण",
B2&" साडी. कापड: "&C2&". रंग: "&F2&
". काठ: "&G2&". लांबी "&TEXT(D2,"0.00")&
" मीटर, ब्लाउज पीस "&
IF(E2>0,TEXT(E2,"0.00")&" मीटर.","नाही."))
```

'हिरव्या रंगाची रेशमी साडी' हे वाचायला छान, पण सूत्राला सामान्यरूप करता येत नाही. ते 'हिरवा रंगाची' असं लिहून मोकळं होतं. म्हणून 'रंग: हिरवा'. थोडं कोरडं वाटेल, पण चारशे ठिकाणी व्याकरण सांभाळलं जातं.

ब्लाउज पीस नसेल तर E मध्ये 0 लिहा. माहीत नसेल तर रकाना रिकामा ठेवा. या दोन गोष्टी एकच मानल्या की ग्राहकाला 'नाही' सांगितलेला पीस पार्सलमधून निघतो, किंवा उलट. उलट घडलं की साडी परत येते.

समजा, 0312 चं जुनं वर्णन आहे: 'सुंदर सिल्क साडी, 6.3 मीटर, रिच पल्लू'. 6.3 हा आकडा बहुतेकदा पीस धरून असतो. लेबलवर 5.50 अधिक 0.80 दिसलं तर D आणि E वेगळे भरा. नऊवारी सोडून D मध्ये 6 च्या वर काही दिसलं की थांबा. 'सिल्क' म्हणजे रेशीम की आर्ट सिल्क, हे फोटोवरून ठरवू नका. सिल्क मार्कचं लेबल किंवा पुरवठादाराचं बिल मिळेपर्यंत C रिकामाच राहू द्या. सूत्र 'अपूर्ण' दाखवेल. अपलोड करण्याआधी अशा ओळी फिल्टर लावून बाजूला काढा. 'सुंदर' आणि 'रिच' सरळ गाळा.

एका वेळी पन्नास ओळी घ्या आणि त्या प्रकारानुसार लावा. एका प्रकारच्या साड्या सलग आल्या की वेगळा आकडा लगेच डोळ्यात भरतो. सॉर्ट करताना सगळे रकाने निवडा. एकच रकाना सरकला तर चूक कुठेच लाल होत नाही, प्रत्येक वाक्य नीट दिसतं आणि सगळी खोटी असतात. त्यामुळे प्रत्येक बॅचमधल्या पाच साड्या प्रत्यक्ष लेबलशी ताडून पाहा. जुन्या वर्णनाशी ताडण्यात अर्थ नाही, चूक तिथूनच आलेली असू शकते.