रंगाचे वाळलेले शिंतोडे: आधी कापूस, मग पट्टी

रंगकामानंतरच्या साफसफाईला नवीन आलेली पोरं पहिल्यांदा विचारतात, "थिनर किती आणू?" खरं तर बहुतेक घरांत त्याची गरज फार थोडी पडते. भिंतींना हल्ली प्लास्टिक पेंट असतो, तो पाण्यात कालवलेला. ऑइल पेंट लागतो फक्त ग्रिलला आणि दारांना. म्हणून डाग कशाचा आहे ते आधी ओळखायचं.

त्यासाठी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून डागावर अर्धा मिनिट दाबून ठेवा आणि मग चोळा. कापसाला रंग लागला, डाग चिकट झाला, तर तो प्लास्टिक पेंट. डाग ढिम्म हलला नाही तर ऑइल पेंट. आणि नखाने खरवडल्यावर पांढरं पीठ पडलं तर ती पुट्टी. तिला स्पिरिटही नको आणि थिनरही नको.

जुळे सोलापुरातल्या एका फ्लॅटचं उदाहरण घेतो. हॉलमध्ये पॉलिश केलेल्या व्हिट्रिफाइड टाइल्स, बाल्कनीत खडबडीत टाइल्स, पश्चिमेला मोठी सरकती खिडकी आणि तिच्यापुढे ताजी रंगवलेली ग्रिल. हॉलभर रोलरचे बारीक शिंतोडे उडालेले. उभ्याने बघितलं तर फरशी स्वच्छ वाटते. खाली बसून दाराच्या उजेडाकडे तिरकं बघा, नाहीतर तळहात फिरवा, म्हणजे खरखर लागते.

आधी झाडू आणि ओलं फडकं मारून पुट्टीची कच काढली. ती राहिली तर पुढचं सगळं घासणं पॉलिशवर ओरखडे पाडतं. मग कोमट पाण्यात भांड्यांचं लिक्विड घालून टॉवेलचे जाड तुकडे भिजवले आणि डागांवर पसरून वीसेक मिनिटं सोडले. टेरी टॉवेलचे तुकडे आपल्या सोलापुरात काय कमी! पाणी धरून ठेवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. या वेळात रंगाचा पापुद्रा फुगतो आणि टाइलवरची पकड सोडतो. मग प्लास्टिकची पट्टी आडवी धरून ढकलली की तो सालीसारखा निघतो. तुकडे होऊन तुटायला लागला तर समजा, भिजणं कमी पडलंय. जोर वाढवू नका, परत ओलं फडकं टाका. उरलेल्या हट्टी ठिपक्यांना स्पिरिट.

लोखंडी पट्टी टाइलवर फिरवली की करड्या रेघा उठतात आणि घरमालकीण म्हणते, "अहो, टाइल खराब केली की तुम्ही!" नख फिरवून बघायचं. अडकलं तर खरा ओरखडा, तो जाणार नाही. नाही अडकलं तर टाइलवर घासलेलं लोखंड आहे, भांडी घासायच्या क्रीमने निघतं. बाल्कनीच्या खडबडीत टाइल्सवर पट्टी चालतच नाही, तिथे भिजवून नायलॉनचा ब्रश मारायचा. सांध्यात मुरलेला रंग मात्र पूर्ण निघत नाही. ते काम सुरू करायच्या आधीच सांगून टाका.

अ‍ॅसिडचा मोह टाळा. ते सांध्यातलं सिमेंट खातं, आणि जुन्या वाड्यांतली शहाबादी फरशी तर चुनखडीचीच, तिच्यावर पडलं की फेस येऊन कायमचा चट्टा उठतो.

खिडकीवर ग्रिलचा ऑइल पेंट ठिबकला होता. काचेला थिनर लावायची गरजच नाही, उलट तो ओघळून रबराला आणि अ‍ॅल्युमिनियमच्या रंगाला लागला तर नवीनच दुखणं. तिथे काम ब्लेडचं. काच धुवायची, साबणाचं पाणी भरपूर मारायचं, होल्डरमधलं कोरं ब्लेड काचेशी साधारण तीस अंशांत धरून एकाच दिशेला ढकलायचं. मागे ओढताना उचलायचं, कारण पात्याखाली अडकलेला कण परतीच्या वाटेवर काच ओरबाडतो. कर्र असा आवाज आला की थांबा, पातं पुसा किंवा बदला. गंजलेलं तर वापरूच नका. काचेवर फिल्म असेल तर ब्लेड बंद. रबराजवळ फिल्मची कड दिसते, ती आधी शोधा. कोपऱ्यात टफनचा शिक्का असेल तर एका कडेला थोडं करून बघा, अशा काचांवर कधीकधी बारीक कण चिकटलेले असतात.

पश्चिमेची खिडकी सकाळीच उरकायची. दुपारनंतर काच इतकी तापते की साबणाचं पाणी ब्लेड पोचायच्या आत वाळतं. शेवटी पुसायला टॉवेल नको, त्याचे धागे चिकटतात. जुनं धोतर बरं. बोअरचं जड पाणी काचेवर वाळू दिलं तर पांढरे ठिपके उरतात, म्हणून लगेच कोरडं करायचं.

थिनर लागलाच तर तो टाइलवरच्या ऑइल पेंटला. फडक्यावर घ्यायचा, फरशीवर ओतायचा नाही. खिडक्या उघड्या, हातात मोजे, आणि स्वयंपाकघरातला गॅस, देवघरातला दिवा बंद आहे ना, ते वहिनींना विचारूनच बाटलीचं झाकण काढायचं.