प्लास्टिकच्या टाकीला कनेक्टर बसवताना या चुका टाळा

बेळगावची उपनगरे असोत वा खानापूर, निपाणीकडील गावे, नळाला रोज पाणी येत नाही तेथे गच्चीवर प्लास्टिकची टाकी असतेच, आणि तिला नव्याने भोक पाडून पाईप जोडण्याचा कनेक्टर बसवला की काही दिवसांत नटाखालून पाणी झिरपू लागल्याची तक्रारही ठरलेली असते. अशा वेळी नट आणखी आवळला जातो, आणि बहुधा त्यानेच टाकी तडकते.

गळती वॉशरच्या जागेमुळे होते. रबरी वॉशर टाकीच्या आत, कनेक्टरची कॉलर आणि भिंत यांच्यामध्ये हवा. कारण तो फक्त बाहेर नटाखाली घातला, तर पाणी भोकात शिरून आट्यांच्या फटीतून बाहेर येते आणि बाहेरचा रबर ते अडवू शकत नाही. दोन वॉशर मिळाले असल्यास दुसरा बाहेर घालावा, पण नट आणि रबर यांच्यामध्ये प्लास्टिकची चकती ठेवावी, नाहीतर फिरणारा नट रबराला सुरकुत्या पाडतो. आवळताना आतली कॉलर एकाने घट्ट धरावी व फक्त नट फिरवावा. हाताने घट्ट झाल्यावर पान्याने पाव ते अर्धा फेरा पुरतो. रबर कडेने फुगून बाहेर आला, तर तो जास्त आवळला गेला आहे असे समजावे.

तडा मात्र भोकाच्या कडेपासून सुरू होतो. तापवलेल्या लोखंडी पाईपने पाडलेल्या भोकाची कड जळून ठिसूळ होते, छिन्नीने खाचा राहतात, आणि टाकी भरून भिंत फुगली की ताण नेमका त्या खाचेवर येतो. म्हणून कनेक्टरच्या आट्यांचा बाहेरचा व्यास मोजून होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत, निवडावा. व्यास ३३ मिलिमीटर भरला तर ३५ चा पुरतो. ड्रिल हळू चालवावे, जोर देऊ नये आणि कड पॉलिश पेपरने गुळगुळीत करावी. जागा सपाट हवी. उभ्या-आडव्या पट्ट्यांवर वॉशर नीट बसत नाही.

समजा, १००० लिटरच्या टाकीचा नवा कनेक्टर गळतो आहे. टाकी रिकामी करून भाग कोरडा पुसावा, मग कनेक्टरच्या वरपर्यंतच पाणी भरून पाहावे. पाणी नटाच्या कडेने आले तर आतला वॉशर तपासावा. पाईपच्या जोडातून आले तर टेफ्लॉन टेप बदलावी. वॉशरच्या बाहेर केसासारखी रेघ दिसली, तर सिलिकॉन लावून उपयोग नाही, कारण ते या प्लास्टिकला धड चिकटत नाही. ते भोक सोडून दुसऱ्या सपाट जागी नवे पाडावे आणि जुने मोठ्या वॉशरच्या बंद प्लगने झाकावे. पण तडा प्लगच्या बाहेर जात असल्यास टाकीच बदलावी लागते. उन्हाने पांढुरक्या पडलेल्या जुन्या टाकीला मी नवे भोक पाडणार नाही. बाहेरच्या पाईपचे आणि व्हॉल्व्हचे वजनही भिंतीवर लटकू देऊ नये. त्याखाली वीट वा ब्रॅकेटचा आधार द्यावा.