स्पॅनिश इनव्हॉइसमध्ये तारीख, आकडे आणि वेळ कशी लिहायची: पॉइंट-कॉमाची अदलाबदल

स्पेनमधल्या एका क्लायंटच्या पोर्टलवर मी पहिल्यांदा तास भरले तेव्हा काम झालं होतं साडेबेचाळीस तासांचं. मी आपलं सवयीने 42.5 टाइप केलं आणि सबमिट मारलं. पोर्टलने तो पॉइंट हजारांचा समजून गिळून टाकला आणि रकान्यात बसले 425 तास. तासाला साडेसत्तावीस युरो म्हणजे बिल थेट अकरा हजार सहाशे सत्याऐंशीच्या वर गेलं! आमच्या गेस्तोर बाईंचा (स्पेनमध्ये टॅक्सची कागदपत्रं बघणाऱ्यांना गेस्तोर म्हणतात, आपल्याकडच्या टॅक्स कन्सल्टंटसारखं) फोन आला, त्या आधी हसल्या आणि मग म्हणाल्या की एवढे तास एका महिन्यात झोप न घेता काम केलंत का.

तर तिथे कॉमा म्हणजे आपला दशांश चिन्हाचा पॉइंट, आणि पॉइंट म्हणजे आपला हजारांचा कॉमा. बस, एवढीच अदलाबदल. पण हाताला सवय उलटी असते आणि कॉम्प्युटरची सेटिंग तिसरीच, म्हणून घोळ होतो. इथे मी फक्त स्पेनबद्दल सांगतोय हं, कारण भाषा तीच असली तरी मेक्सिकोत आपल्यासारखंच 1,234.50 असं लिहितात, त्यामुळे क्लायंट कुठल्या देशातला आहे ते आधी बघा.

आधी मशीन नीट करा

गूगल शीट्स वापरत असाल तर File, मग Settings, तिथे Locale मध्ये Spain निवडा. एक्सेल असेल तर ते विंडोजच्या रीजन सेटिंगवर चालतं, तिथे Spanish (Spain) करावं लागतं. स्क्रीनची भाषा इंग्लिशच ठेवली तरी चालतं, फक्त रीजन बदलायचं.

झालं की नाही ते तपासायला रिकाम्या सेलमध्ये 1,5 टाइप करा आणि शेजारी त्याची दुप्पट काढा. उत्तर 3 आलं तर जमलं. एरर आली किंवा 1,5 सेलच्या डाव्या कडेला चिकटून बसलं तर मशीनने त्याला आकडा मानलंच नाहीये, नुसता मजकूर मानलाय, आणि असा मजकूर बेरजेत गुपचूप गाळला जातो. ही डावी-उजवी कड बघायची सवय लावून घ्या, माझे निम्मे घोळ तिथेच पकडले गेलेत.

सेटिंग बदलल्यावर एक धक्का बसतो तो म्हणजे फॉर्म्युले. कॉमा आता दशांशात अडकला, मग फॉर्म्युल्यातले दोन भाग वेगळे करायला काय वापरायचं? तर सेमीकोलन. एकवीस टक्के टॅक्स काढून दोन घरांपर्यंत राउंड करायचा असेल तर असं:

```
=ROUND(D2*0,21;2)
```

याच कारणामुळे स्पॅनिश बँकेतून डाउनलोड केलेल्या सीएसव्ही फाइलमध्येसुद्धा रकाने बहुतेक सेमीकोलनने वेगळे केलेले असतात. ती फाइल पुण्यातल्या भावाला पाठवली आणि त्याने भारतीय सेटिंगवर सेमीकोलनने रकाने पाडून उघडली, तर बाराशे पन्नास युरो म्हणून लिहिलेलं 1.250 त्याच्याकडे सव्वा युरो दिसणार. तोही उजव्या कडेला, अगदी खऱ्या आकड्यासारखा, त्यामुळे संशयही येत नाही. 1.250,75 असं असेल तर निदान मजकूर म्हणून डावीकडे तरी बसतं. अशा मजकुराचा आकडा करायचा तर भारतीय सेटिंगवरच्या एक्सेलमध्ये हा फॉर्म्युला:

```
=NUMBERVALUE(A2,",",".")
```

आधी दशांशाचं चिन्ह, मग हजारांचं. मात्र यासाठी फाइल इम्पोर्ट करताना तो रकाना Text म्हणूनच आणा, कारण एकदा 1.250 चं सव्वा झालं की मग फॉर्म्युला काही वाचवू शकत नाही.

आकडे

आपले लाख-कोटींचे कॉमे दोन-दोन आकड्यांवर पडतात, ते तिकडे नाहीत, सरळ तीन-तीनचे गट. म्हणजे आपलं १,२५,००० तिथे 125.000 होतं आणि एक कोटी होतं 10.000.000, म्हणजे दहा मिलियन. तोंडी बोलताना सांभाळा, स्पॅनिशमधला ‘बियोन’ इंग्लिशमधला बिलियन नाही, तो त्याच्या हजारपट आहे.

आता इथे थोडी गंमत. स्पॅनिश भाषेची अकादमी म्हणते की हजारांसाठी पॉइंटही नको आणि कॉमाही नको, बारीकशी मोकळी जागा सोडा, आणि आकडा चारच अंकी असेल तर काहीच नको. म्हणजे 12 345 पण 1234. बिलांमध्ये मात्र सगळा देश पॉइंटच मारतो. मीही पॉइंटच वापरतो, कारण मोकळी जागा ओळीच्या शेवटी आली की आकडा तुटून अर्धा खाली जातो, आणि पैशाचा आकडा तुटलेला कुणालाच आवडत नाही. चार अंकी रक्कम 1168,75 अशी बिनपॉइंटची दिसली तर ती चूक समजू नका, बऱ्याच वेबसाइट्स स्पेनसाठी तशीच दाखवतात आणि पाच अंकांपासून पुढे पॉइंट टाकतात.

ऑनलाइन फॉर्म भरताना माझा नियम सोपा आहे, हजारांचं चिन्ह टाइपच करायचं नाही. नुसतं 1168,75 टाकायचं, रकान्यातून बाहेर यायचं आणि फॉर्म स्वतः काय दाखवतो ते वाचायचं, मगच पुढे. फॉर्मने कॉमा घेतलाच नाही तर तो पॉइंटवाला आहे, तेव्हा तिथे पॉइंट द्या, पण त्यानंतरची एकूण रक्कम डोळ्यांनी वाचल्याशिवाय सबमिट नाही.

युरोचं चिन्ह आकड्याच्या मागे येतं, मध्ये एक जागा सोडून, 245,44 € असं. टक्क्याच्या आधीही जागा सोडायची असा नियम आहे, 21 %, पण ती कुणी सोडली नाही तरी काही बिघडत नाही. आणि साल, पिनकोड, बिल नंबर यांत पॉइंट घालायचा नाही, 2.026 हे साल नाही तर दोन हजार सव्वीस नग आहेत. बार्सिलोनाचे पिनकोड शून्याने सुरू होतात, 08001 सारखे, ते शीटमध्ये Text करून ठेवा नाहीतर पुढचं शून्य उडतं.

तारीख

इथे आपण सुखी आहोत, कारण क्रम आपलाच, दिवस-महिना-वर्ष. फॉर्मवर dd/mm/aaaa असं दिसेल, तो a म्हणजे año, वर्ष. धोका आपल्या हातात नसून लॅपटॉपमध्ये असतो, बरेच लॅपटॉप अमेरिकन इंग्लिशवर सेट असतात आणि ५ मार्चची तुमची 05/03 तारीख ३ मे म्हणून साठवतात. हे दिसत नाही, कारण दोन्ही तारखा खऱ्या आहेत. तपासायला 13/2/2026 टाइप करा, उजवीकडे सरकली तर ठीक, डावीकडे मजकूर म्हणून राहिली तर मशीन अमेरिकन आहे.

पत्रात किंवा करारात तारीख अक्षरी लिहितात: 5 de marzo de 2026. महिना आणि वार दोन्ही लहान लिपीत, इंग्लिशसारखं मोठं अक्षर नाही, आणि दोन्हीकडे de विसरायचं नाही. अशा अक्षरी तारखेत दिवसाआधी शून्य लावत नाहीत, ते फक्त रकान्यांत. कॅलेंडरवर वारांची अक्षरं L M X J V S D अशी दिसली तर गोंधळू नका, X म्हणजे बुधवार, कारण मंगळवार आणि बुधवार दोन्ही M ने सुरू होतात.

हाताने फॉर्म भरायची वेळ आली तर 1 ला वर छोटी तिरकी शेपटी काढा आणि 7 ला मध्ये आडवी रेघ मारा, तिथे बरेच जण तसंच लिहितात. आपली नुसती उभी काडी चालून जाते, पण बिनरेघेचा 7 त्यांच्या शेपटीवाल्या 1 सारखा दिसतो आणि काउंटरवरच्या माणसाने 17 चा 11 वाचला की अपॉइंटमेंट गेली.

वेळ

लेखी वेळ चोवीस तासांची, 14:30 h. h लहान, मागे टिंब नाही, आणि एएम-पीएम तर अजिबात नको. 14.30 h असा पॉइंटही चालतो, पण एका कागदावर एकच पद्धत ठेवा, आणि बिलात मी कोलनच ठेवतो कारण पॉइंट आधीच हजारांच्या कामाला लागलेला आहे. बोलताना मात्र लोक ‘दुपारचे पाच’ असंच म्हणतात, तेव्हा फोनवर ठरलेले पाच कागदावर 17:00 करून घ्या. डेडलाइन मध्यरात्रीची असेल तर 00:00 लिहू नका, कुठल्या दिवसाची मध्यरात्र यावर वाद होतो, सरळ 23:59 लिहा. कॅनरी बेटांवर घड्याळ मुख्य स्पेनपेक्षा एक तास मागे, तिथला क्लायंट असेल तर तसं लिहूनच टाका.

आणि माझा तो साडेबेचाळीस तासांचा किस्सा परत. घड्याळाची वेळ आणि लागलेला वेळ वेगळे. बेचाळीस तास तीस मिनिटं म्हणजे दराने गुणायला 42,5 h, 42:30 नाही आणि 42,30 तर नाहीच, कारण 42,30 म्हणजे बेचाळीस तास आणि अठराच मिनिटं. बारा मिनिटांचे साडेपाच युरो तिथल्या तिथे गेले.

दुरुस्त केलेलं बिल मग असं गेलं:

```
Factura n.º: 2026/014
Fecha: 05/03/2026
Traducción: 42,5 h × 27,50 €
Base imponible        1.168,75 €
IVA 21 %                245,44 €
Retención IRPF 7 %      -81,81 €
Total                 1.332,38 €
Vencimiento: 04/04/2026
```

Base imponible म्हणजे मूळ रक्कम, Vencimiento म्हणजे पैसे देण्याची शेवटची तारीख आणि IVA म्हणजे तिथला जीएसटी. IRPF ची ओळ म्हणजे आपल्या टीडीएससारखी कपात, ती एरवी १५ टक्के असते, पण नवीन व्यावसायिकाला सुरू केलेलं वर्ष आणि पुढची दोन वर्षं ७ टक्के लावता येते. दोन्ही मूळ रकमेवरच काढायच्या, आधी IVA मिळवून त्यावर कपात नाही. टॅक्स खरं तर 245,4375 येतो आणि कपात 81,8125, प्रत्येक ओळ दोन घरांपर्यंत राउंड करा आणि मग राउंड झालेल्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करा, नाहीतर छापलेल्या ओळी आणि खालची बेरीज यात कधीकधी एका सेंटचा फरक राहतो आणि त्या सेंटसाठी बिल परत येतं.

एकच अपवाद लक्षात ठेवा. स्पेनच्या सरकारी ऑफिसांना ई-बिल Facturae नावाच्या एक्सएमएल फाइलमधून जातं, आणि त्या फाइलच्या पोटात यातलं काहीच चालत नाही. तिथे रक्कम 1168.75 आणि तारीख 2026-03-05 अशीच लागते. सॉफ्टवेअर ते आपोआप करतं, तुम्ही मात्र ती फाइल उघडून पॉइंट बघून घाबरून ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका, मी एकदा गेलो होतो आणि फाइल रिजेक्ट झाली.