प्लीहेच्या प्रश्नाची सुरुवात प्लीहेपासून करू नका

परीक्षेतला प्रश्न असा आहे: मोटरसायकलवरून पडलेला 28 वर्षांचा तरुण, नाडी 130, रक्तदाब 80/50, डाव्या बरगड्यांखाली दुखतंय. उपचार लिहा. वाचताक्षणी प्लीहा आठवते आणि पहिलंच वाक्य ‘पोटाचा सीटी स्कॅन करावा’ असं उतरतं. गुण इथेच जातात, कारण इतका रक्तदाब घसरलेला रुग्ण सीटीच्या टेबलावर न्यायचा नसतो.

त्याआधी समासात ए, बी, सी, डी, ई ही अक्षरं एकाखाली एक लिहा. प्रत्येकासमोर तीन गोष्टी हव्यात: काय तपासलं, काय आढळलं, लगेच काय केलं. नुसती मथळ्यांची यादी म्हणजे उत्तर नव्हे.

‘ए’ला दोन ओळी पुरतात. रुग्ण नीट बोलतोय, म्हणजे श्वासमार्ग मोकळा आहे. मान स्थिर केली, ऑक्सिजन लावला. (इंट्युबेशनवर पानभर लिहिणारे दरवर्षी भेटतात.) ‘बी’मध्ये छाती दोन्हीकडे सारखी हलते का, हवा सारखी जाते का ते लिहा आणि टेन्शन न्युमोथोरॅक्स नाही हे आवर्जून नोंदवा. तोही रक्तदाब पाडतो, म्हणून तो वगळल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

खरी जागा ‘सी’ला द्या. बाहेर रक्त वाहत असेल तर ते दाबून थांबवणं सगळ्यात आधी. मग दोन जाड कॅन्युला, रक्तगट व क्रॉसमॅच, कोमट क्रिस्टलॉइड जास्तीत जास्त 1 लिटर आणि लवकर रक्त. अपघाताला 3 तास झाले नसतील तर ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड 1 ग्रॅम, 10 मिनिटांत. त्यानंतर रक्त कुठे जातंय ते शोधा: छाती, पोट, ओटीपोटाची हाडं, मांड्या, जमीन. छातीचा आणि ओटीपोटाचा एक्स-रे, जोडीला फास्ट सोनोग्राफी. फास्टमध्ये पोटात रक्त दिसलं आणि रक्त देऊनही दाब 80च्या आसपासच राहिला, तर थेट लॅपरॉटॉमी. दाब सावरून टिकला, तरच सीटी. हा फाटा बाण काढून दाखवा. परीक्षक नेमका तोच शोधत असतो.

‘डी’मध्ये ग्लासगो स्कोअर, डोळ्यांच्या बाहुल्या, रक्तातली साखर. ‘ई’मध्ये सगळे कपडे काढून पाठीसह तपासणी, मग लगेच पांघरूण, कारण अंग गार पडलं की रक्त गोठत नाही.

यानंतर ‘पुन्हा ए पासून तपासणी’ असं लिहा आणि केव्हा तेही सांगा: प्रत्येक उपायानंतर आणि प्रकृती ढासळली की. प्लीहा काढायची की वाचवायची ही चर्चा आता सुरू होते. प्रश्न ‘प्लीहेच्या इजेची वर्गवारी लिहा’ एवढाच असेल, तर मात्र हा सगळा साचा बाजूला ठेवून सरळ वर्गवारीच लिहा.