सायक्लोप्रोपेनचा स्ट्रेन ज्वलनाच्या आकड्यांतून कसा काढायचा, बीएस्सीला नव्याने आलेल्यांसाठी

मी लातूरला बीएस्सीच्या पोरांना ऑरगॅनिक शिकवायलोय, अन् दरवर्षी रिंग स्ट्रेनच्या तक्त्यापाशी गाडी हमखास अडते. तक्त्यात सायक्लोहेक्झेनच्या ज्वलनाची उष्णता ३९५२ किलोज्यूल असते अन् सायक्लोप्रोपेनची फक्त २०९१, मग पोरं म्हणतात सर, जास्त उष्णता सायक्लोहेक्झेनमधून निघाली ना, मग तोच जास्त अस्थिर. तसं नसतं. सायक्लोहेक्झेनमध्ये CH₂ सहा आहेत, इकडं तीनच. आपल्याकडं सोयाबीन कुणाचं चांगलं आलं हे एकूण पोत्यांवरनं कुणी ठरवत नाही, एकरी उतारा विचारतात, तसंच इथं दर CH₂ मागे किती उष्णता निघाली ते बघायचं.

आता वहीत करून बघा. २०९१ भागिले ३ म्हणजे ६९७. सायक्लोब्युटेनचे २७४४ भागिले ४, ६८६. सायक्लोपेंटेनला ६६४ येतात, सायक्लोहेक्झेनला ६५८.७, आणि लांब सरळ साखळीच्या अल्केनमध्ये एक CH₂ वाढला की जी उष्णता वाढते तीही जवळपास एवढीच, म्हणून ६५८.७ ला बिनताणाचं माप धरतात. सायक्लोप्रोपेनला ताण नसता तर ३ गुणिले ६५८.७, म्हणजे १९७६ निघाले असते, निघाले २०९१, वरचे ११५ किलोज्यूल दर मोलला हाच रिंग स्ट्रेन. सगळे रेणू जळून शेवटी तेच CO₂ अन् पाणी होतात, त्यामुळं जास्तीची ऊर्जा आधीपासून रिंगमध्येच साठलेली होती एवढाच अर्थ निघतो.

इथं एक गोष्ट नीट बघा. सगळे आकडे गॅस अवस्थेतलेच घ्यायचे. सायक्लोहेक्झेन साध्या तापमानाला द्रव असतो, त्याचा द्रवाचा आकडा ३९२० आहे, तो घेतला तर ३२ किलोज्यूलचा उणे स्ट्रेन येतो. उणे उत्तर आलं की समजायचं, बाष्पीभवनाची उष्णता मधे शिरलीय.

बायरने १८८५ मध्ये सगळ्या रिंग सपाट धरल्या अन् फक्त कोन मोजला. सपाट पंचकोनाचा कोन १०८ अंश, १०९.५ च्या अगदी जवळ, म्हणून त्याच्या हिशोबाने सायक्लोपेंटेन सगळ्यात स्थिर यायला पाहिजे होता. पण ज्वलनाचे आकडे सायक्लोहेक्झेनकडं बोट दाखवतात, कारण तो सपाट नसतोच, चेअर फॉर्ममध्ये कोनही सुटतो अन् शेजारचे हायड्रोजनही समोरासमोर येत नाहीत. सायक्लोप्रोपेनला मात्र ही सोय नाही, तीन बिंदू सपाटच राहणार, त्यामुळं ६० अंशाचा कोन आणि शिवाय सगळे C–H बाँड एक्लिप्स्ड, दोन्ही ताण एकदम.

खरी मजा पुढं आहे. सायक्लोब्युटेनचा स्ट्रेन काढा, साधारण ११० येतो, म्हणजे जवळपास सायक्लोप्रोपेनएवढाच! तरी सायक्लोप्रोपेन निकेलवर हायड्रोजनसोबत ८० अंश सेल्सिअसच्या आसपास उघडून प्रोपेन होतो, सायक्लोब्युटेनला २०० च्या आसपास लागतात. HBr ने सायक्लोप्रोपेनचा १-ब्रोमोप्रोपेन होतो, सायक्लोब्युटेन त्याला दाद देत नाही. नुसती उष्णता देऊन रिंग तोडायची म्हटली तर दोघांची अॅक्टिव्हेशन एनर्जी फार वेगळी नाही, २७२ आणि २६१ किलोज्यूल. म्हणून "स्ट्रेन जास्त म्हणून रिअॅक्टिव्ह" एवढंच लिहिलं की उत्तर अर्धं राहतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं अन् नोट्समध्ये ते क्वचितच असतं.

उरलेलं अर्धं उत्तर बाँडच्या आकारात आहे. कार्बनचे ऑर्बिटल ६० अंशापर्यंत वळूच शकत नाहीत, कूल्सन आणि मॉफिटच्या १९४९ च्या हिशोबाने त्यांच्यातला कोन १०४ अंशाच्या आसपास राहतो, म्हणजे ते एकमेकांकडं सरळ रोखलेले नसतात, ओव्हरलॅप दोन कार्बन जोडणाऱ्या रेषेच्या बाहेरच्या बाजूला होतो. यालाच बेंट बाँड किंवा बनाना बाँड म्हणतात. ओव्हरलॅप कमी म्हणून बाँड कमजोर, अन् इलेक्ट्रॉन बाहेर फुगलेले म्हणून H⁺ ला ते सहज हाती लागतात, थोडंफार पाय बाँडसारखं. सायक्लोब्युटेनमध्ये बाँड इतका वाकलेला नसतो.

पण तो पाय बाँड नाही हेही ध्यानात ठेवा. थंड, पातळ KMnO₄ चा जांभळा रंग प्रोपीन घालवतो, सायक्लोप्रोपेन घालवत नाही. C₃H₆ चे दोन आयसोमर ओळखा असा प्रश्न आला तर हीच टेस्ट लिहा, ब्रोमीनची नको, कारण ब्रोमीनचा रंग सायक्लोप्रोपेनसुद्धा हळूहळू घालवू शकतो.