गृहकर्ज दुसऱ्या बँकेत नेताना खरा खर्च कसा मोजावा

एक उदाहरण घेऊ. खारघरमधल्या फ्लॅटवर ४० लाखांचे कर्ज शिल्लक आहे, १५ वर्षे उरली आहेत आणि व्याज ९ टक्के आहे. हप्ता ४०,५७१ रुपये. दुसरी बँक ८.२५ टक्के म्हणते, म्हणजे तेवढ्याच मुदतीला हप्ता ३८,८०६. महिन्याला १,७६५ रुपये वाचतात आणि इथेच बहुतेक जण कागद गोळा करायला लागतात. थोडे थांबा.

आधी जुन्याच बँकेत विचारा. नव्या ग्राहकाला मिळणारा दर मलाही द्या, असा लेखी अर्ज करा. याला रेट कन्व्हर्जन म्हणतात. समजा, ५,९०० रुपये घेऊन ती ८.५० टक्क्यांवर आली, तर हप्ता ३९,३९० होतो. आता कर्ज हलवण्याचा फायदा १,७६५ उरत नाही, तो महिना ५८४ रुपयांवर येतो. तुलना आजच्या दराशी करायची नाही. जुनी बँक जिथवर उतरते, त्या दराशी करायची.

मग खर्च मांडा. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड रिझर्व्ह बँकेच्या नियमाने घेता येत नाही. बाकीचे खर्च मात्र असतात. प्रोसेसिंग फी जीएसटीसह ५,९०० आणि वकील व मूल्यांकनाचे ६,००० धरू. सर्वांत मोठा आकडा मुद्रांक शुल्काचा: घराचे मूळ दस्त नव्या बँकेकडे तारण ठेवताना महाराष्ट्रात ५ लाखांवरच्या कर्जाला ०.३ टक्के, म्हणजे इथे १२,००० रुपये. पहिल्या वेळी भरलेले शुल्क इथे वजा होत नाही. बँकेचा प्रतिनिधी ‘झीरो प्रोसेसिंग फी’ सांगतो तेव्हा या रकमेबद्दल बहुधा गप्प असतो. तारणाच्या नोटिशीचे फाइलिंग, ना-हरकत पत्रे आणि किरकोळ कागदपत्रांसाठी ४,१०० ठेवा.

एक खर्च कुठल्याच पावतीवर दिसत नाही. नव्या बँकेचा चेक निघाला की तिचे व्याज सुरू होते. जुनीचे व्याज चेक वटून खाते बंद होईपर्यंत चालूच राहते. ९ टक्क्यांनी ४० लाखांवर रोजचे व्याज सुमारे ९८६ रुपये. पाच दिवस गेले की जवळपास ५,०००.

बेरीज ३३,०००. कन्व्हर्जनचे ५,९०० वजा केले तर जास्तीचा खर्च २७,१०० रुपये. ५८४ ने भागा: ४६ महिने. म्हणजे पहिली जवळजवळ चार वर्षे हाती काहीच नाही. त्याआधी घर विकायचे असेल किंवा मोठी रक्कम भरून कर्ज संपवायचे असेल, तर हलवू नका. जुनी बँक दर उतरवायला तयारच नसेल, तर ३३,००० भागिले १,७६५, म्हणजे १९ महिन्यांत खर्च निघतो. मग जरूर हलवा.

मंजुरीपत्रात आधी मुदत पाहा. नवी बँक सहज २० वर्षे लिहून देते. हप्ता ३४,०८३ दिसतो, घरात सगळे खूश. पण एकूण भरणा सुमारे ८१ लाख ८० हजार होतो. जुन्या ९ टक्क्यांवर १५ वर्षांत तो ७३ लाख ३ हजार झाला असता. दर कमी होऊनही पावणेनऊ लाख जास्त गेले. उरलेली मुदत तेवढीच लिहून घ्या. कर्जाच्या रकमेत विम्याचा हप्ता मिसळलेला नाही ना, तेही बघा. तो विमा सक्तीचा नसतो.

फी भरण्याआधी कागद दाखवा. भोगवटा प्रमाणपत्र नसलेली इमारत जुन्या बँकेने चालवून घेतली असेल, तरी नव्या बँकेचा वकील अडवू शकतो आणि फी सहसा परत मिळत नाही. सिडकोच्या भाडेपट्ट्यावरील घराला तारणासाठी सिडकोचे ना-हरकत पत्र मागितले जाते. जुन्या बँकेच्या नावाचे पत्र नव्या बँकेला चालत नाही. ते यायला वेळ लागतो, म्हणून अर्ज आधीच करा.

शेवटचा टप्पा तारखांचा आहे. जुन्या बँकेकडून फोरक्लोजर लेटर आणि तिच्या ताब्यातल्या दस्तांची यादी घ्या. लेटरवर रक्कम कोणत्या तारखेपर्यंतची आहे हे लिहिलेले असते. चेक उशिरा पोचला तर काही हजार कमी पडतात आणि खाते बंदच होत नाही. म्हणून चेक मिळाला त्याच दिवशी जमा करा. हप्त्याची तारीख जवळ असेल तर जुना ऑटो-डेबिटही कापला जाऊ शकतो. तो परतावा मागून घ्या.

कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ दस्त परत करून बोजा उतरवणे बँकेवर बंधनकारक आहे. तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. दस्त यादीशी एकेक ताडून घ्या, विशेषतः नोंदणीकृत करारनामा आणि मूळ नोंदणी पावती. महिन्या-दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढा. जुने कर्ज तिथे अजून चालू दिसत असेल, तर बंद झाल्याचे पत्र जोडून लेखी तक्रार करा.